पहिली लेयर: कुठला एज कुठे राहतो हे ओळखून क्यूब लावणे

प्रश्न: तीन बाय तीनच्या क्यूबची पांढरी बाजू मी पूर्ण करतो, पण कडेचे रंग जुळतच नाहीत. पांढरा प्लस करताना एक तुकडा बसवला की आधीचा निघतो. कुठला तुकडा कुठे जायचा हे ओळखायचं कसं? सूत्रं पाठ न करता पहिली लेयर लागेल का?

उत्तर:

लागेल. पांढरा प्लस, म्हणजे ज्याला सगळे क्रॉस म्हणतात, तो लावायला एकही सूत्र पाठ लागत नाही. नंतरच्या चार कोपऱ्यांसाठी चार वळणांची एकच चाल पुरते. तुमचं घोडं अडलंय ते पांढऱ्या रंगाकडे बघण्यात. पांढरा चौकोन हा स्टिकर आहे. फिरतो तो तुकडा, आणि त्या तुकड्याच्या दुसऱ्या अंगाला दुसरा रंग असतो. तो रंग वाचल्याशिवाय तुकडा हलवलात तर पांढरी बाजू दिसायला पूर्ण होईल, पण लेयर लागलेली नसेल.

क्यूबमध्ये तीन प्रकारचे तुकडे असतात. प्रत्येक बाजूच्या मधोमध असलेले 6 सेंटर एका रंगाचे, दोन बाजूंच्या मधले 12 एज दोन रंगांचे आणि 8 कॉर्नर तीन रंगांचे. सेंटर आतल्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यामुळे ते जागच्या जागी गरगर फिरतात पण एकमेकांच्या सापेक्ष कधी हलत नाहीत. हिरवा सेंटर ज्या बाजूला आहे ती हिरवी बाजू, मग तिथे बाकी कितीही रंग मिसळलेले असोत. म्हणून प्रत्येक एजचा पत्ता त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो: पांढरा-हिरवा एज पांढऱ्या आणि हिरव्या सेंटरच्या मध्ये राहतो, दुसरीकडे कुठेच नाही. आणि संपूर्ण क्यूबमध्ये पांढरा-हिरवा एज एकच असतो. तो 12 जागांपैकी कुठेही असू शकतो आणि प्रत्येक जागी दोन प्रकारे बसू शकतो, सुलटा किंवा उलटा. म्हणजे एका एजच्या 24 अवस्था. पहिल्या लेयरसाठी असे चारच एज शोधायचे आहेत.

आता क्यूब कसा धरायचा. पांढरा सेंटर खाली, पिवळा वर. शिकवणारे बरेच जण पांढरा वर ठेवायला सांगतात, कारण होत असलेला प्लस डोळ्यांसमोर राहतो. माझं मत उलट आहे. जे बसवून झालंय ते बघून काय करायचं? बसवायचे राहिलेले तुकडे बहुतेक वरच्या आणि मधल्या थरात असतात, ते दिसायला हवेत. शिवाय पुढे कॉर्नर लावताना पांढरा खालीच लागतो, म्हणजे मध्येच क्यूब उलटा करून डावं-उजवं नव्याने लावत बसायची वेळ येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, हिरव्यासमोर निळा आणि लालसमोर केशरी असतो. पांढरा खाली आणि हिरवा आपल्याकडे धरला की उजव्या हाताला केशरी, डाव्या हाताला लाल आणि मागे निळा येतो. तुमच्या क्यूबवर वेगळं काही दिसलं तर स्वतःच्या क्यूबचे सेंटर बघून क्रम ठरवा, पण ठरवा नक्की. कारण पुढचं सगळं या गोल क्रमावर चालतं: हिरवा, त्याच्या उजवीकडे केशरी, मग निळा, मग लाल, मग पुन्हा हिरवा. हा क्रम तोंडपाठ असावा. पाठ करायची गोष्ट म्हणाल तर एवढीच.

वळणं लिहायला ब्रिटिश गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी रूढ केलेली अक्षरं सगळीकडे चालतात. F समोरची बाजू, B मागची, R उजवी, L डावी, U वरची, D खालची. नुसतं अक्षर म्हणजे त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. अक्षरापुढे ' खूण असेल तर उलट्या दिशेने, 2 असेल तर अर्धा फेरा. गोंधळ बहुतेक वेळा D मध्ये होतो, कारण ती बाजू खालून पाहायची असते. लक्षात ठेवायला सोपं: D केलं की खालच्या थरातला समोरचा तुकडा उजवीकडे जातो. U केलं की वरच्या थरातला समोरचा तुकडा डावीकडे जातो. R केलं की समोरचे तुकडे वर चढतात, L केलं की खाली उतरतात. मधला थर स्वतंत्रपणे फिरवू नका. त्याने सेंटरच सरकतात आणि ठरवलेलं डावं-उजवं मोडतं.

आता मुख्य गोष्ट. एखादी बाजू फिरवली की त्या बाजूवर असलेला स्टिकर त्याच बाजूवर राहतो, फक्त जागा बदलतो. तुकड्याचा दुसरा स्टिकर मात्र एका शेजारच्या बाजूवरून दुसऱ्या शेजारच्या बाजूवर जातो. आपल्याला पांढरा स्टिकर तळाला न्यायचा आहे, म्हणजे प्रवास पांढऱ्याने करायला हवा. मग फिरवायची कुठली बाजू? जिच्यावर त्या तुकड्याचा दुसरा रंग आहे ती. एवढा एक नियम समजला की क्रॉसची सगळी प्रकरणं त्यातून निघतात.

क्यूब हातात घेऊन तपासा. समोरची आणि उजवी बाजू यांच्यामध्ये, मधल्या थरात, पांढरा-हिरवा एज आहे असं समजा. पांढरा उजव्या बाजूवर आहे आणि हिरवा समोर. हिरवा ज्या बाजूवर आहे ती समोरची, म्हणून F. तुकडा उजवीकडून खाली येतो, पांढरा तळाला जातो, हिरवा समोरच राहतो आणि हिरव्या सेंटरच्या खाली बसतो. आता तोच तुकडा त्याच जागी, पण पांढरा समोर आणि हिरवा उजव्या बाजूवर आहे. इथे F केलंत तर तुकडा हिरव्या सेंटरखाली येईल, पण उलटा: पांढरा समोर दिसेल आणि हिरवा तळाला. नियमाप्रमाणे फिरवायची उजवी बाजू, म्हणजे R'. त्याने पांढरा बरोबर तळाला जातो, पण तुकडा उजव्या बाजूखाली, म्हणजे केशरी सेंटरखाली बसतो. हे त्याचं घर नव्हे. मग काय करायचं?

इथेच बहुतेकांचा आधीचा तुकडा निघतो. ते तुकड्याला घराकडे नेतात. त्यापेक्षा घर तुकड्याकडे आणा. खालचा थर फिरवून हिरव्याची रिकामी जागा उजव्या बाजूखाली आणायची, R' ने तुकडा तिच्यात टाकायचा आणि खालचा थर परत जागेवर घ्यायचा:

```
D R' D'
```

D ने समोरची जागा उजवीकडे गेली, R' ने तुकडा तिच्यात उतरला, D' ने तो हिरव्या सेंटरखाली आला. R' ने खालच्या थरातली एकच एजची जागा हलते, ती म्हणजे उजवीकडची, आणि तिथे त्या क्षणी आपण मुद्दाम रिकामी जागा आणून ठेवलेली होती. त्यामुळे आधी बसवलेलं काहीच निघत नाही. दरवेळी बाजू फिरवण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: या बाजूच्या खाली आत्ता कोण बसलंय? बसवलेला तुकडा असेल तर आधी D.

तुकडा वरच्या थरात असेल आणि पांढरा वर बघत असेल तर काम सगळ्यात सोपं. U फिरवून त्याचा दुसरा रंग आपल्या सेंटरच्या वर आणा आणि ती बाजू अर्धा फेरा फिरवा. हिरव्यासाठी F2. हिरवा स्टिकर समोरच राहतो, पांढरा वरून तळाला जातो.

वरच्या थरात पांढरा बाजूकडे बघत असेल आणि दुसरा रंग वर असेल तर मात्र लोक अडतात. नियम म्हणतो की दुसरा रंग ज्या बाजूवर आहे ती फिरवा. ती तर वरची बाजू, आणि वरचा थर फिरवून तुकडा खाली येणार नाही. म्हणून तो आधी मधल्या थरात उतरवायचा, म्हणजे त्याचा रंग कुठल्या तरी उभ्या बाजूवर येईल. पांढरा-केशरी एज वर समोर आहे, पांढरा आपल्याकडे आणि केशरी वर, असं धरा. F केलं की तो उजवीकडे मधल्या थरात येतो, पांढरा अजूनही समोर असतो आणि केशरी उजव्या बाजूवर येतो. तिथे केशरी सेंटर आहेच, म्हणून R' ने तो खाली उतरतो. पण F करताना समोरच्या सेंटरखालचा तुकडा डावीकडे वर चढला होता. तो आधी बसवलेला असेल तर F' ने परत घ्या:

```
F R' F'
```

समोरची खालची जागा अजून रिकामीच असेल तर शेवटच्या F' ची गरज नाही. खरं तर सवय अशी लावावी की उतरवण्याआधी D ने एखादी रिकामी जागा समोर आणून ठेवायची. एक वळण वाचतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत घ्यायचं विसरून होणारा घोळ टळतो.

चौथं प्रकरण: तुकडा आपल्या घरी आहे, पण उलटा. पांढरा समोर, हिरवा तळाला. इथे बरेच जण F2 करून तुकडा वर नेतात आणि तो तिथेही उलटाच निघाला म्हणून चक्रावतात. अर्धा फेरा तुकड्याला उलटा-सुलटा करत नाही. त्याला मधल्या थरात आणून दुसऱ्या बाजूने उतरवावं लागतं:

```
F' D R' D'
```

F' ने तो उजवीकडे चढला, हिरवा उजव्या बाजूवर आला आणि पांढरा समोर राहिला. म्हणजे वर तपासलेलंच दुसरं प्रकरण झालं. पुढचे D R' D' तुम्हाला माहीतच आहेत. तळाला पांढरा बरोबर, पण घर भलतंच, असा तुकडा असेल तर तो ज्या बाजूखाली आहे ती अर्धा फेरा फिरवून वर काढा. पांढरा वर बघत येईल आणि प्रकरण सोपं होईल.

आता हे सगळं एका उदाहरणावर लावू. क्यूब लागलेला असेल, नवा डब्यातून काढलेला असेल, तर पांढरा खाली, हिरवा समोर धरून ही वळणं करा म्हणजे तुमच्यासमोर हीच स्थिती येईल:

```
D2 L' D R D F' D'
```

चार पांढरे एज शोधा. पांढरा-लाल तळाला आहे, पांढरा खालीच आहे, पण तो मागे निळ्या सेंटरखाली बसलाय. पांढरा-हिरवा मधल्या थरात हिरव्या आणि केशरी बाजूंच्या मध्ये आहे, हिरवा समोर, पांढरा उजवीकडे. पांढरा-निळा वरच्या थरात समोर, पांढरा आपल्याकडे, निळा वर. आणि पांढरा-केशरी तळाला डावीकडे, लाल सेंटरखाली, तोही उलटा: पांढरा डाव्या बाजूवर, केशरी तळाला. दोन एज वाकडे, एक चुकीच्या घरी. एकेक करून लावायला गेलात तर सहज बारा-पंधरा वळणं होतील.

सुरुवात पांढऱ्या-लालपासून, कारण तो सुलटा आहे. त्याला वर काढायची गरजच नाही. D केलं की मागचा तुकडा डावीकडे जातो आणि तो लाल सेंटरखाली बसतो. त्याच वळणाने उलटा पांढरा-केशरी डावीकडून समोर, हिरव्या सेंटरखाली आला.

पांढऱ्या-हिरव्याचा हिरवा समोरच्या बाजूवर आहे, म्हणून F. तो हिरव्या सेंटरखाली बसला. आता त्या एकाच F ने आणखी काय झालं ते बघा. समोर खाली असलेला उलटा पांढरा-केशरी डावीकडे मधल्या थरात चढला. पांढरा समोरच राहिला, केशरी डाव्या बाजूवर आला. वर समोर असलेला पांढरा-निळा उजवीकडे मधल्या थरात उतरला; पांढरा समोर, निळा उजव्या बाजूवर. दोन्ही अवघड प्रकरणं एका फटक्यात सोपी झाली. हा योगायोग वाटेल, पण असे योग शोधता येतात: कुठलाही तुकडा बसवण्याआधी त्याच वळणाने बाकीच्या पांढऱ्या एजचं काय होणार आहे तेवढं बघायचं.

निळा आता उजव्या बाजूवर आहे, म्हणजे फिरवायची R'. पण उजवीकडे खाली केशरीची जागा आहे, निळ्याची मागे आहे. D' केलं की मागची जागा उजवीकडे येते. मग R'. निळा बसला. इथे D परत घ्यायची घाई करू नका. केशरी डाव्या बाजूवर आहे, त्याची रिकामी जागा या घडीला समोर आहे. आणखी एक D' केलं की ती डावीकडे येते, आणि L ने तुकडा तिच्यात उतरतो.

आता खाली चारही पांढरे एज बसलेत, पण एकाचाही रंग सेंटरशी जुळत नाही: हिरवा मागे आहे, निळा समोर, केशरी डावीकडे, लाल उजवीकडे. हे बघून घाबरायचं काही नाही. आपापसातला त्यांचा क्रम बरोबर आहे, फक्त अख्खा थर अर्धा फेरा सरकलाय. D2 केलं की चारही एकदम जुळतात. पूर्ण उत्तर असं:

```
D F D' R' D' L D2
```

सात वळणं. पांढऱ्या क्रॉसच्या एकूण 1,90,080 स्थिती होऊ शकतात आणि अर्धा फेरा एक वळण मोजला तर त्यातली कुठलीही स्थिती जास्तीत जास्त 8 वळणांत लागते. पूर्ण 8 लागणाऱ्या स्थिती फक्त 102 आहेत. म्हणून स्पर्धेतले खेळाडू वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमाप्रमाणे मिळणाऱ्या 15 सेकंदांच्या निरीक्षणात अख्खा क्रॉस मनात ठरवून ठेवतात. तुम्हाला लगेच सगळं ठरवता येणार नाही. पण पहिले दोन एज डोक्यात लावून मगच हात घालायचा, एवढं जमण्यासारखं आहे.

या उदाहरणातला कळीचा भाग म्हणजे सेंटरशी जुळवणं शेवटपर्यंत लांबवणं. पहिला एज बसला की बाकीचे तीन त्याच्याशी मोजून बसवायचे. पांढरा खाली असताना हिरव्या एजकडे तोंड केलं की त्याच्या उजव्या हाताला केशरी, डाव्या हाताला लाल, पलीकडे निळा. खालचा थर कितीही सरकलेला असो, हे नातं बदलत नाही. सेंटरशी जुळवायला शेवटी एक D, D' किंवा D2 पुरतं.

पहिल्यांदा पिवळ्या सेंटरभोवती चार पांढऱ्या पाकळ्यांचं फूल करून, मग एकेक पाकळी खाली सोडायची, अशी एक पद्धत लहान मुलांना शिकवतात. ती चुकीची नाही आणि घोळही कमी होतो. पण वळणं बरीच जास्त लागतात, आणि फूल करताना दुसरा रंग बघावाच लागत नाही. तुमची अडचण नेमकी तीच असल्यामुळे मी ती सुचवणार नाही.

प्लस झाला, पण रंग जुळत नाहीत, या तुमच्या नेहमीच्या स्थितीचं निदान सोपं आहे. खालचा थर हळूहळू पूर्ण फिरवा आणि प्रत्येक थांब्यावर किती रंग सेंटरशी जुळतात ते मोजा. क्रम बरोबर असेल तर एका थांब्यावर चारही जुळतील. क्रम चुकला असेल तर कुठल्या ना कुठल्या थांब्यावर नेमके दोन जुळलेले सापडतात. तीन कधीच जुळत नाहीत, कारण तीन घरी गेले तर चौथ्याला त्याचंच घर उरतं. नेमके दोन जुळतात त्या थांब्यावर थांबा. न जुळलेले दोन शेजारी शेजारी असतील तर क्यूब असा धरा की त्यातला एक समोर आणि एक उजवीकडे येईल, आणि हे करा:

```
F2 U' R2 U F2
```

समोरचा वर गेला, U' ने उजवीकडे सरकला, R2 ने खाली बसला आणि उजवीकडचा वर आला, U ने तो समोर आला, F2 ने खाली. अदलाबदल झाली. न जुळलेले दोन समोरासमोर असतील तर एक पुढे, एक मागे धरा:

```
F2 B2 U2 F2 B2
```

दोन्ही वर, वरचा थर अर्धा फेरा, दोन्ही खाली. ही सूत्रं म्हणून घोकू नका. तुकडे डोळ्यांनी पाठलाग करत एकदा केलंत की पुन्हा लागतील तेव्हा आपोआप आठवतील.

कॉर्नरचं काम यापेक्षा ठोकळेबाज आहे. पत्ता तसाच वाचायचा: पांढरा-हिरवा-केशरी कॉर्नर खाली हिरव्या आणि केशरी बाजूंच्या मधल्या कोपऱ्यात राहतो. तो वरच्या थरात शोधा, U फिरवून त्याच्या घराच्या अगदी वर आणा आणि क्यूब असा धरा की ते घर समोर उजवीकडे खाली येईल. मग तो बसेपर्यंत ही चाल:

```
R U R' U'
```

पांढरा उजव्या बाजूवर असेल तर एकदा केल्यावर बसतो, वर असेल तर तीनदा, समोर असेल तर पाचदा. चाल चालू असताना खालचा एज आणि कॉर्नर हललेले दिसतील, पण चार वळणं पूर्ण झाली की क्रॉस आणि बाकीचे तीन खालचे कॉर्नर जसेच्या तसे असतात. R केल्यावर R' गाळलंत किंवा त्याआधीच थांबलात, तर मात्र क्रॉस मोडतो. कॉर्नर आधीच खाली, पण चुकीच्या जागी किंवा वाकडा बसलेला असेल तर त्याला समोर उजवीकडे धरून हीच चाल एकदा करा. तो वर येतो, मग नेहमीसारखं. लेयर खरोखर लागली की चारही बाजूंना तळाचे तीन चौकोन आणि वरचा सेंटर एकाच रंगाचे दिसतात, म्हणजे रोमन T उलटा ठेवल्यासारखा आकार. एका जरी बाजूला तो दिसला नाही, तर पुढच्या थराला हात लावू नका.

हे सगळं नीट करूनही एखादा एज सापडतच नसेल तर आधी उजेड बघा. पिवळसर बल्बखाली लाल आणि केशरी स्टिकर फसवतात. शंका आली की तुकडा लाल सेंटरशेजारी नेऊन ताडून बघा. तरीही सापडला नाही तर क्यूबमध्ये दोष शोधा. पांढऱ्यासमोर पिवळा सेंटर असलेल्या धड क्यूबवर पांढरा-पिवळा एज नसतो, कारण त्या बाजू समोरासमोर असतात. तसा दिसला किंवा पांढरा-हिरवा एज दोन निघाले, तर कुणीतरी स्टिकर सोलून लावलेत. सेंटरची टोपणं निघून आलटून पालटून बसवली गेली असतील तर एजवरचे रंग आणि सेंटरचा क्रम जुळणार नाही. ही टोपणं सुरीच्या टोकाने अलगद उचलून परत बरोबर लावता येतात. आणि क्यूब खाली पडून सुटला आणि घाईत कसाही जोडला असेल, तर ते मात्र पहिल्या लेयरमध्ये कळणार नाही. त्यात पहिली लेयर नेहमीच लागते. उरलेला दोष वरच्या थरापर्यंत ढकलला जातो आणि तिथे एखादा एकटाच एज उलटा किंवा एकटाच कॉर्नर पिळलेला राहतो. अशा वेळी वळणांनी तो सुटणार नाही. तुकडा उचकटून सरळ बसवावा लागतो.